लँगम्यूरच्या सरळ रेषेवरून पृष्ठव्याप्ती कशी काढावी

घन पदार्थाच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटून बसतात, तेव्हा एखाद्या ठरावीक दाबाला त्या पृष्ठभागाचा किती भाग भरलेला असतो, हा प्रश्न पदवीच्या तिसऱ्या वर्षाला हमखास येतो. बहुतेक विद्यार्थी तो पाठ केलेल्या सूत्रात आकडे घालून सोडवतात. उत्तर बरोबरही येते, पण आलेखावर काढलेल्या रेषेचा कोणता तुकडा भरलेली जागा दाखवतो आणि कोणता रिकामी, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी हा प्रयोग अनेक वर्षे करून घेतला. त्या अनुभवावरून, हे उत्तर आलेखकागदावर फुटपट्टी ठेवूनही कसे वाचता येते आणि ते कोठे फसवते, ते येथे सांगतो.

प्रथम गृहीतके पाहू, कारण पुढची सगळी मदार त्यांवर आहे. आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१६ ते १९१८ या काळात मांडलेल्या चित्रात पृष्ठभागावर ठरावीक संख्येच्या जागा असतात, सर्व जागा सारख्या असतात, एका जागेवर एकच रेणू बसतो आणि शेजारी कोणी बसले आहे की नाही याचा बसणाऱ्यावर परिणाम होत नाही. मुंबईच्या लोकलमधला तिघांचा बाक डोळ्यांसमोर आणा. लँगम्यूर यांच्या बाकावर तिघेच बसतात, ‘जरा सरका’ म्हणत चौथी सीट कोणी मागत नाही, आणि खिडकीची जागाही इतर जागांपेक्षा जास्त हवीशी नसते. प्रत्यक्ष पृष्ठभाग कधीकधी आपल्या लोकलसारखाच वागतो, आणि तेव्हा ही पद्धत कोलमडते.

बसलेल्या जागांचे प्रमाण म्हणजे पृष्ठव्याप्ती, तिला θ म्हणतात. रेणू बसण्याचा वेग दाबाच्या आणि रिकाम्या जागांच्या प्रमाणात असतो, म्हणजे तो P(१ − θ) या राशीवर अवलंबून असतो. उठून जाण्याचा वेग मात्र केवळ θ च्या प्रमाणात असतो. समतोलात हे दोन्ही वेग सारखे होतात, आणि त्यांच्या स्थिरांकांच्या गुणोत्तराला K म्हटले की पुढील संबंध मिळतो.

θ = KP / (१ + KP)

पृष्ठव्याप्ती मात्र थेट मोजता येत नाही. मोजता येते ते अधिशोषित झालेल्या वायूचे आकारमान V. पूर्ण एकपदरी थर बसल्यावर हे आकारमान Vm असेल, तर θ = V/Vm. ही किंमत वरच्या संबंधात घालून मांडणी बदलली की सरळ रेषेचे समीकरण तयार होते.

P/V = P/Vm + १/(K·Vm)

आडव्या अक्षावर P आणि उभ्या अक्षावर P/V घेतल्यास रेषेचा चढ १/Vm इतका येतो, आणि रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते तो अंतःखंड १/(K·Vm) इतका येतो. म्हणून चढाला अंतःखंडाने भागले की थेट K मिळतो.

मोजमाप करताना

नमुन्याची नळी वायूच्या उपकरणाला जोडण्यापूर्वी नमुना निर्वातात तापवून त्यावर आधीच बसलेले पाणी आणि हवा काढून टाकावी लागते. सक्रियित कोळशासाठी साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला काही तास लागतात. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेत उघडी ठेवलेली कोळशाची बाटली किती पाणी ओढून घेते, याचा अंदाज तापवण्यापूर्वी आणि तापवल्यानंतर वजन केले की येतो. त्यामुळे नमुन्याचे वजन नेहमी तापवून झाल्यावरचे धरावे.

नळी बर्फाच्या कुंडात ठेवल्यास तापमान २७३ केल्विन राहते, परंतु त्यासाठी बर्फाचे नुसते खडे पुरत नाहीत. ते ठेचून, पाणी घालून लगदा करावा आणि तो अधूनमधून ढवळावा. K तापमानाला संवेदनशील आहे. अधिशोषणाची उष्णता मोलला २५ किलोज्यूल धरली, तर कुंड तीन अंशांनी तापले तरी K सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. प्रत्येक दाबाला पारा स्थिर होईपर्यंत थांबावे. घाई केल्यास समतोल येण्यापूर्वीचेच V नोंदले जाते.

ब्यूरेटमध्ये मोजलेले आकारमान ० अंश सेल्सिअस आणि १०१.३ किलोपास्कल या प्रमाण स्थितीला आणावे. खोलीत ३० अंश तापमान आणि १०० किलोपास्कल दाब असताना मोजलेले २५.० घनसेंमी प्रमाण स्थितीत २२.२ घनसेंमी होतात. जुन्या उपकरणांवर दाब मिलिमीटर पाऱ्यात असतो. १ मिलिमीटर म्हणजे ०.१३३३ किलोपास्कल. दोन एककांची सरमिसळ झाली तर K चा अर्थच उरत नाही, कारण K चे एकक दाबाच्या एककाचे व्यस्त असते.

उदाहरण

पुढील आकडे मी सरावासाठी तयार केले आहेत. एक ग्रॅम सक्रियित कोळसा, २७३ केल्विन तापमान आणि कार्बन डायऑक्साइड वायू अशी कल्पना करावी. मोजमापात नेहमी राहणारी थोडी चूक त्यांत मुद्दाम मिसळली आहे.

| P (किलोपास्कल) | V (घनसेंमी) | P/V |
|---|---|---|
| १० | १९.४ | ०.५१५ |
| २० | ३४.८ | ०.५७५ |
| ३५ | ५१.४ | ०.६८१ |
| ५० | ६४.५ | ०.७७५ |
| ७० | ७६.७ | ०.९१३ |
| ९० | ८६.३ | १.०४३ |

समजा, ६० किलोपास्कल दाबाला θ किती, असा प्रश्न आहे. हा दाब तक्त्यात नाही, आणि म्हणूनच रेषेची गरज आहे.

आलेखकागदावर आडव्या अक्षावर १ सेंटीमीटर = ५ किलोपास्कल आणि उभ्या अक्षावर १ सेंटीमीटर = ०.०५ असे प्रमाण घ्यावे. दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू करावेत. हे मी आग्रहाने सांगतो, कारण कागद वाचवण्यासाठी उभा अक्ष ०.४ पासून सुरू करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, आणि मग रेषा डावीकडच्या कडेला जेथे टेकते त्या उंचीलाच अंतःखंड समजून बसतात. संगणकावर काढलेल्या आलेखातही अक्षाची सुरुवात कोठून झाली आहे ते तपासावे.

सहा बिंदू मांडून त्यांच्यामधून सरळ रेषा काढावी आणि ती मागे उभ्या अक्षापर्यंत वाढवावी. चढ काढताना मोजलेले बिंदू वापरू नयेत. रेषेवरचे एकमेकांपासून लांब असलेले दोन बिंदू निवडावेत. येथे P = ० ला उंची ०.४४६ आणि P = ८० ला ०.९७७ मिळते. म्हणून चढ (०.९७७ − ०.४४६) ÷ ८० = ०.००६६४. संगणकावर लघुतम वर्ग पद्धतीने हेच करायचे असेल आणि P हे A स्तंभात, तर P/V हे C स्तंभात असेल, तर पुढील दोन ओळी पुरतात.

```
=SLOPE(C2:C7,A2:A7)
=INTERCEPT(C2:C7,A2:A7)
```

उत्तरे ०.००६६४ आणि ०.४४६ अशीच येतात. यावरून Vm = १ ÷ ०.००६६४, म्हणजे सुमारे १५१ घनसेंमी, आणि K = ०.००६६४ ÷ ०.४४६ = ०.०१४९ प्रति किलोपास्कल. आता ६० किलोपास्कलला KP = ०.८९३ आणि θ = ०.८९३ ÷ १.८९३ = ०.४७२. म्हणजे या दाबाला ४७ टक्के जागा भरलेल्या आहेत.

फुटपट्टीने वाचन

आता तेच उत्तर सूत्राशिवाय काढू. रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते, त्या बिंदूपासून उजवीकडे एक आडवी रेघ पेन्सिलीने ओढावी. मग आडव्या अक्षावरच्या ६० पासून सरळ वर, मुख्य रेषेपर्यंत एक उभी रेघ काढावी. आडव्या रेघेने या उभ्या रेघेचे दोन तुकडे होतात. वर घेतलेल्या प्रमाणात खालचा तुकडा ८.९ सेंटीमीटर, वरचा ८.० सेंटीमीटर आणि पूर्ण उंची १६.९ सेंटीमीटर भरते. वरच्या तुकड्याला पूर्ण उंचीने भागा: ८.० ÷ १६.९ = ०.४७. हीच पृष्ठव्याप्ती. खालच्या तुकड्याला पूर्ण उंचीने भागले की ०.५३ येतात, आणि तो रिकाम्या जागांचा वाटा आहे.

याचे कारण समीकरणातच आहे. पूर्ण उंची म्हणजे P/Vm + १/(K·Vm). तिच्यातील वरचा तुकडा P/Vm आहे, आणि त्याला पूर्ण उंचीने भागून अंश व छेद K·Vm ने गुणले की KP/(१ + KP) उरते. दाब वाढत जातो तसा वरचा तुकडा वाढतो, खालचा तेवढाच राहतो. जेथे दोन्ही तुकडे सारखे होतात, म्हणजे रेषेची उंची अंतःखंडाच्या बरोबर दुप्पट, ०.८९२ होते, तेथे θ = ०.५ असते. आपल्या आलेखात हे सुमारे ६७ किलोपास्कलला घडते आणि १/K ची किंमतही तेवढीच आहे. गणित तपासून पाहण्यासाठी मला याहून सोपा उपाय माहीत नाही.

या वाचनातून आणखी एक गोष्ट लक्षात येते, जी सूत्रात लपून राहते. θ ला चढाची किंवा अंतःखंडाची सुटी किंमत लागतच नाही, लागते ते फक्त त्यांचे गुणोत्तर. म्हणून प्रत्येक V वर सारख्याच पटीत झालेली चूक θ पर्यंत पोहोचत नाही. वर सांगितलेले प्रमाण स्थितीतले रूपांतर एखाद्याने सगळ्या नोंदींच्या बाबतीत विसरले आणि खोलीची स्थिती प्रयोगभर तीच होती, तर Vm सुमारे साडेबारा टक्क्यांनी चुकेल, पण θ बरोबरच येईल. नमुन्याच्या वजनातील चुकीचेही तसेच. जर्नलमधला Vm चुकलेला आणि θ मात्र अचूक असे पाहून परीक्षक गोंधळतात, पण त्यात गूढ काही नाही.

रेषा फसवते तेव्हा

सारख्या पटीतल्या चुका अशा सुटून जातात, पण बेरीज-वजाबाकीच्या चुका सुटत नाहीत. नमुना नीट तापवला नाही आणि त्यावर आधीच काही वायू बसून राहिला, तर प्रत्येक V ठरावीक रकमेने कमी भरते. आपल्या तक्त्यातील प्रत्येक V मधून ३ घनसेंमी वजा करून पाहा. पहिल्या बिंदूची उंची ०.५१५ वरून ०.६१० वर उडते, शेवटच्याची मात्र १.०४३ वरून जेमतेम १.०८० होते. पहिले दोन बिंदू जवळजवळ एका पातळीवर येतात आणि रेषेची डावी बाजू वर वळल्यासारखी दिसते. हे वळण दुर्लक्षून सरळ रेषा ओढली, तर ६० किलोपास्कलला θ = ०.४१ येते, ०.४७ नव्हे. कमी दाबाच्या बाजूला बिंदू असे वर उचललेले दिसले की मी आधी नमुना तापवल्याच्या नोंदीकडे बघतो.

याहून मोठी फसवणूक R² या आकड्याची आहे. P दोन्ही अक्षांवर असल्यामुळे P/V आणि P यांचा आलेख बऱ्याचदा आपोआपच रेषेसारखा दिसतो, मग पृष्ठभाग लँगम्यूर यांच्या चित्राप्रमाणे वागत असो वा नसो. खात्री करून घ्यायची असेल, तर V = ६ × P^०.६ या सूत्राने त्याच सहा दाबांना V काढून पाहा. या सूत्रात कोणताही कमाल थर नाही, V वाढतच राहते. तरीही P/V चा आलेख काढून सरळ रेषा बसवली की R² सुमारे ०.९७ येतो आणि Vm १३९ घनसेंमी इतकी विश्वासार्ह दिसणारी किंमत मिळते. अस्तित्वातच नसलेल्या थराचे हे आकारमान आहे. एका वर्षी आमच्या प्रयोगशाळेत अर्ध्या वर्गाने अशीच रेषा ‘उत्तम’ असा शेरा लिहून जर्नलला लावली होती, आणि मीही पहिल्या दोन जर्नलांवर सही करून मोकळा झालो होतो.

ही फसवणूक पकडण्यासाठी प्रत्येक बिंदू रेषेपासून किती वर किंवा खाली आहे ते लिहून काढावे. आपल्या मूळ उदाहरणात हे फरक ०.००४ च्या आत आहेत आणि वर-खाली असे विखुरलेले आहेत, त्यांत काही शिस्त नाही. वरच्या घातसूत्राच्या बाबतीत मात्र पहिला बिंदू ०.०५४ ने खाली, मधले दोन सुमारे ०.०४ ने वर आणि शेवटचा ०.०३८ ने खाली येतो. म्हणजे बिंदू कमानीसारखे वाकलेले आहेत. दोन्ही टोके एका बाजूला आणि मधला भाग दुसऱ्या बाजूला असे दिसले, की सगळ्या जागा सारख्या आहेत हे गृहीतक बहुधा मोडले आहे असे समजावे. ही खिडकीची जागा आहे: काही जागा जास्त आकर्षक असल्याने त्या आधी भरतात आणि उरलेल्या जागांना वेगळा, कमी K लागू होतो. सक्रियित कोळशात असे घडणे मुळीच दुर्मिळ नाही. दुसरी पडताळणी म्हणून तेच आकडे १/V आणि १/P असेही मांडून पाहावेत. तेथे कमी दाबाच्या बिंदूंना जास्त वजन मिळते. दोन्ही आलेखांतून येणारा K जवळपास सारखा आला, तर आपण योग्य मार्गावर आहोत. त्यांत ठळक फरक पडला, तर एकाच K ने सर्व बिंदू समजावता येत नाहीत, असा त्याचा अर्थ.

एक प्रश्न मुले नेहमी विचारतात, की प्रयोग कोणत्या दाबापर्यंत न्यावा. सर्व दाबांना KP फारच लहान असेल, तर पूर्ण उंचीत खालच्याच तुकड्याचे राज्य असते, चढ जेमतेम दिसतो आणि त्याच्यावरून काढलेल्या K ला व Vm ला काही अर्थ उरत नाही. म्हणून सर्वांत वरच्या दाबाला निदान अर्ध्या जागा भरलेल्या असाव्यात, असा माझा नियम आहे. आपल्या उदाहरणात ९० किलोपास्कलला θ = ०.५७ आहे, म्हणजे तो जेमतेम पाळला गेला आहे.

मोजलेल्या दाबांच्या पलीकडे जातानाही जपून राहावे. याच रेषेवरून ५०० किलोपास्कलला θ = ०.८८ असे कागदावर निघते, पण तेथे एकही बिंदू मोजलेला नाही. दाब वाढवत नेल्यावर एका थरावर दुसरा थर बसू लागला, किंवा बारीक छिद्रांत वायू पृष्ठभागावर पसरण्याऐवजी छिद्रच भरून टाकू लागला, तर Vm म्हणजे एकपदरी थर हा अर्थ टिकत नाही. कोळशासारख्या सच्छिद्र पदार्थाच्या Vm वरून पृष्ठफळ काढताना ही अडचण विशेष जाणवते. अशा वेळी ६० किलोपास्कलचे उत्तर द्यावे, त्यापुढे मोजलेल्या दाबांची मर्यादा लिहावी आणि ५०० किलोपास्कलसाठी त्या दाबाला प्रत्यक्ष मोजमाप करावे.